प्रॉम्प्ट तोच, चित्र वेगळे

इमेज जनरेटरला दिलेला प्रॉम्प्ट कितीही नेमका वाटला, तरी त्यात चित्राचा फार थोडा भाग सांगितलेला असतो. पुढचा प्रॉम्प्ट घ्या.

```
an old woman selling marigolds in the rain, no umbrella
```

पावसात झेंडू विकणारी म्हातारी, आणि छत्री नको. शब्द अवघे दहा. ती कोणत्या देशातली, तिच्या अंगावर काय आहे, फुले टोपलीत आहेत की माळा करून टांगली आहेत, सकाळ आहे की दिवेलागण, हा फोटो आहे की जलरंगातले चित्र, पाहणारा तिच्यासमोर उभा आहे की रस्त्यापलीकडे, यांतले काहीच या वाक्यात नाही. जनरेटरला मात्र एकही जागा रिकामी सोडता येत नाही. ५१२ बाय ५१२ आकाराच्या लहानशा चित्रातही २,६२,१४४ बिंदू असतात आणि प्रत्येकाचा रंग ठरवावा लागतो.

हे वाक्य स्टेबल डिफ्यूजन १.५, मिडजर्नी आणि डॅल-ई ३ या तिघांना दिले, तर साधारणपणे तीन वेगळ्या वळणांची चित्रे मिळतात. पहिल्यात साध्या कॅमेऱ्याने काढल्यासारखा फोटो, बोटांचा गोंधळ आणि नको म्हटलेली छत्री येण्याची बरीच शक्यता. दुसऱ्यात सिनेमातल्यासारखा प्रकाश, ओल्या रस्त्यावर चमकणारे दिवे, चेहऱ्यावर ठसठशीत भाव. तिसऱ्यात वाक्यातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी, पण एकूण चित्र जरा गुळगुळीत, पुस्तकातल्या रंगीत पानासारखे. प्रॉम्प्टने मोकळ्या सोडलेल्या जागा प्रत्येक जनरेटर आपापल्या साठ्यातून भरतो आणि सांगितलेले शब्दही प्रत्येक जण आपल्या पद्धतीने वाचतो. फरक कुठे पडतो ते कळण्यासाठी चित्र कसे तयार होते, ते आधी पाहावे लागते.

आजचे बहुतेक जनरेटर डिफ्यूजन या पद्धतीवर चालतात. ही कल्पना २०१५ मध्ये मांडली गेली आणि बर्कली येथील जोनाथन हो, अजय जैन आणि पीटर अबील यांच्या २०२० मधील शोधनिबंधानंतर ती चांगल्या चित्रांसाठी वापरात आली. शिकवताना मॉडेलला एक चित्र आणि त्याखालची ओळ, म्हणजे कॅप्शन, दिली जाते. त्या चित्रावर ठरावीक प्रमाणात नॉइज पसरवला जातो. जुन्या टीव्हीवर चॅनेल लागत नसले की पडदाभर मुंग्या दिसायच्या, तसाच हा नॉइज. त्यात मूळ चित्र किती आणि मुंग्या किती, हे मॉडेलने ओळखायचे असते. कोट्यवधी चित्रांवर हा सराव झाला, की उलटा प्रवास करता येतो. सुरुवात निव्वळ मुंग्यांपासून होते, प्रत्येक पायरीवर थोड्या मुंग्या पुसल्या जातात आणि वीस ते पन्नास पायऱ्यांत त्यातून चित्र वर येते. पुसताना काय उरायला हवे, याची दिशा प्रॉम्प्ट देतो. सगळेच जनरेटर असे चालत नाहीत; मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत आलेला जनरेटर चित्र तुकड्यातुकड्याने, आधीच्या तुकड्यावरून पुढचा ठरवत रचतो, असे ओपनएआयने सांगितले आहे. इथून पुढे मुख्यतः डिफ्यूजनचाच विचार केला आहे.

पहिला फरक मॉडेलच्या अलीकडेच पडू शकतो. वापरणाऱ्याने लिहिलेले वाक्य जसेच्या तसे मॉडेलपर्यंत पोचतेच असे नाही. डॅल-ई ३ मध्ये मधल्या जागी एक भाषा-मॉडेल बसवलेले होते आणि ते प्रॉम्प्ट वाढवून, सजवून पुढे पाठवत असे. प्रोग्रामद्वारे डॅल-ई ३ वापरणाऱ्यांना उत्तरासोबत `revised_prompt` नावाच्या ओळीत हे बदललेले वाक्य मिळायचे. झेंडूच्या प्रॉम्प्टचे तिथे सहज एका परिच्छेदात रूपांतर होते: सुरकुतलेला, मायाळू चेहरा, वेताच्या टोपल्या, भगव्या-पिवळ्या फुलांचे ढीग, दगडी फरसबंदीवर साचलेले पाणी. यांतला एकही तपशील मूळ लेखकाने मागितलेला नाही. चित्र भरगच्च दिसते ते बरेचसे या भरीमुळे. म्हणूनच डॅल-ई ३ आणि स्टेबल डिफ्यूजन यांना एकच प्रॉम्प्ट दिला, असे म्हणताना जपून राहावे लागते. मॉडेलच्या हाती पडलेली वाक्ये दोन असतात.

या मधल्या थरात काही वेळा धोरणही मिसळलेले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनीने दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैनिक निरनिराळ्या वंशांचे दाखवले आणि मोठा गदारोळ झाला. गूगलने माणसांची चित्रे काढणे काही काळ थांबवले. चित्रांत तऱ्हेतऱ्हेची माणसे दिसावीत म्हणून केलेली तजवीज, जिथे ती लागू व्हायला नको होती तिथेही लागू झाली, असे कंपनीने सांगितले. त्या प्रसंगात प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याचा काहीच दोष नव्हता, आणि नुसता प्रॉम्प्ट पाहून कारण कळण्याजोगेही नव्हते.

यानंतर येते वाचन. चित्र काढणाऱ्या भागाला भाषा कळत नाही. त्याच्यासाठी टेक्स्ट एन्कोडर नावाचा वेगळा भाग प्रॉम्प्टचे आकड्यांच्या रांगांत रूपांतर करतो. जनरेटर बदलला की हा वाचक बदलतो आणि वाचक बदलला की त्याच शब्दांचा अर्थ बदलतो. स्टेबल डिफ्यूजन १.५ चा वाचक म्हणजे ओपनएआयने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले क्लिप हे मॉडेल. क्लिप ४० कोटी चित्र-कॅप्शन जोड्यांवर शिकले आणि त्याचे काम एकच होते: कोणते कॅप्शन कोणत्या चित्राचे, ते ओळखणे. त्या कामासाठी वाक्यात कोणत्या वस्तू आल्या आहेत एवढे टिपले तरी बहुतेक वेळा भागते. कोण कोणाच्या डावीकडे, कोणत्या वस्तूचा कोणता रंग, काय आहे आणि काय नाही, इकडे बारकाईने पाहण्याची गरज त्याला क्वचितच पडली. परिणामी लाल टोपली आणि निळी साडी मागितली, तर रंगांची अदलाबदल होते. `no umbrella` मधला `no` हलका पडतो आणि `umbrella` हा शब्द मात्र पुरेपूर पोचतो. छत्री येते ती अशी.

गूगलने मे २०२२ मध्ये मांडलेल्या इमॅजेन या जनरेटरमध्ये वेगळा वाचक होता: केवळ मजकुरावर शिकलेले टी५ हे भाषा-मॉडेल. क्लिपच्या वाचकाचा आवाका सुमारे १२ कोटी पॅरामीटरचा, तर टी५च्या या मोठ्या आवृत्तीचा ४६० कोटींचा. इमॅजेनच्या संशोधकांना असे आढळले, की चित्र काढणारा भाग वाढवण्यापेक्षा वाचणारा भाग वाढवल्याने चित्र वाक्याशी अधिक जुळते. नंतर स्टेबल डिफ्यूजन ३ आणि फ्लक्स या मॉडेलांनीही क्लिपच्या जोडीला टी५ घेतले. स्टेबल डिफ्यूजन ३ मध्ये तर मेमरी वाचवण्यासाठी टी५ काढून टाकण्याची सोय आहे. तसे केले तर मॉडेल तेच, प्रॉम्प्ट तोच, पण गुंतागुंतीची वाक्ये आणि पाटीवरची अक्षरे लगेच ढासळतात. वाचकाचे महत्त्व याहून सरळ दिसण्याची दुसरी जागा नाही.

वाचक बदलल्याचा मोठा धक्का स्टेबल डिफ्यूजनच्या वापरकर्त्यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये बसला. त्याआधीच्या १.४ आणि १.५ या आवृत्त्यांत ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचे नाव प्रॉम्प्टच्या शेवटी लिहिण्याची प्रथाच पडली होती. नाव आले की चित्राला काल्पनिक युद्धकथांच्या मुखपृष्ठांची भव्यता येई. या उसन्या शैलीबद्दल खुद्द त्या चित्रकाराने उघड नाराजी व्यक्त केली होती, आणि ती रास्तच होती. २.० ही आवृत्ती आली आणि त्याच नावाचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. चित्रकारांची नावे मुद्दाम वगळली, असा अनेकांचा समज झाला. खरे कारण बरेचसे वाचकात होते. जुन्या आवृत्तीचा वाचक ओपनएआयचा, तो कोणत्या चित्रांवर शिकला ते गुपित. पण हे नाव आणि ही शैली यांची घट्ट सांगड त्याच्या मनात बसलेली होती. नव्या आवृत्तीत लायन या खुल्या संग्रहावर शिकलेला ओपनक्लिप हा वाचक आला आणि त्या संग्रहात या चित्रकाराची नावानिशी चित्रे थोडी होती. अक्षरे तीच राहिली, त्यांतून निघणारी आकड्यांची रांग बदलली.

वाचकाची आणखी एक मर्यादा लांब प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यांना नडते. क्लिप वाक्याचे टोकन नावाचे तुकडे करते. एका वेळी ७७ टोकन मावतात. सुरुवातीची आणि शेवटची खूण वगळली की ७५ उरतात. त्यापुढचा मजकूर काही साधने सरळ कापतात, तर काही ७५-७५ चे गट करून जोडतात. लांब प्रॉम्प्टच्या शेवटी लिहिलेली गोष्ट एका साधनात दिसते आणि दुसऱ्यात अजिबात उमटत नाही, तेव्हा आधी हीच शंका घ्यावी.

मराठीत प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यांचा अनुभव याच ठिकाणी सर्वांत जास्त पालटतो. क्लिपचे तुकडे करण्याचे कोष्टक इंग्रजी मजकुरावर बेतलेले आहे. `झेंडू` या शब्दात काना-मात्रा धरून पाच चिन्हे आहेत आणि संगणकात प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा बाइट. इंग्रजीतले ओळखीचे शब्द अखंड किंवा एक-दोन तुकड्यांत वाचले जातात, तिथे या मराठी शब्दाचा भुगा होतो आणि त्या भुग्याचा फुलाशी काही संबंध लागत नाही. स्टेबल डिफ्यूजन १.५ ला मराठी प्रॉम्प्ट दिला तर भलतेच काही निघते, ते यामुळे. ज्या जनरेटरमध्ये मधल्या जागी भाषा-मॉडेल आहे, ते मराठी समजून घेते, इंग्रजीत मांडते आणि पुढे देते, म्हणून तिथे तेच वाक्य बऱ्यापैकी चालते. तिथेही चित्राच्या दर्जाइतकाच त्या अदृश्य भाषांतराच्या दर्जाचा प्रश्न असतो.

मॉडेल जे भरते ते कुठून भरते, हा यापुढचा प्रश्न. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्या लायन-५बी या संग्रहातल्या भागांवर शिकल्या. हा संग्रह ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांचा आहे आणि त्यातला इंग्रजी भाग सुमारे २३० कोटींचा. मजकूर कोणी बसून लिहिलेला नाही. संकेतस्थळावर चित्र दिसले नाही तर त्या जागी दाखवण्यासाठी एक ओळ दिलेली असते, ती तशीच उचललेली आहे. दुकानाच्या पानावर त्या ओळीत मालाचे नाव आणि मोफत घरपोच सेवा, बातमीत नेत्याचे नाव, सहलीच्या पानावर गावाचे नाव. फोटोत मागे काय आहे, उजेड कुठून येतो, माणूस उभा आहे की बसलेला, हे कोणी लिहीत नाही. अशा कॅप्शनवर शिकलेले मॉडेल शब्दांची शब्दांशी पडलेली ओढ घेऊन शिकते. पाऊस, रस्ता आणि बाई हे तीन एकत्र आले, की वेबवरच्या फोटोंत छत्री जवळपास असतेच. त्यामुळे प्रॉम्प्टमधून छत्री हा शब्द पूर्ण काढला, तरी ती अधूनमधून डोकावते.

`marigolds` या शब्दाची ओढ आणखी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. झेंडू आपल्याकडे दसऱ्याचा, तोरणाचा, देवळाबाहेरच्या फुलवाल्यांचा. मेक्सिकोत तो पूर्वजांच्या स्मरणाच्या मृतदिनाचा. युरोप-अमेरिकेत तो घरामागच्या बागेतल्या वाफ्याचा. एखाद्या मॉडेलच्या शिक्षणात यांपैकी कोणते फोटो जास्त आले, त्यावर ती म्हातारी साडीत येईल, रेबोझो या मेक्सिकन शालीत येईल की डोक्याला रुमाल बांधून येईल, हे ठरते. मराठी वाचकाच्या मनात आपोआप उभी राहणारी दादरच्या फूलबाजारातली बाई ही तिन्हींतली एकच शक्यता आहे, आणि प्रॉम्प्टमध्ये तिचे नावनिशाण नाही. नऊवारीच्या बाबतीत अडचण जास्त. वेबवर नऊवारी नेसलेल्या बाईच्या फोटोखालीही बहुधा नुसते साडी एवढेच लिहिलेले असते. काष्टा पाहायला मिळतो, पण त्याचे नाव ऐकायला मिळत नाही. मग नऊवारी मागितली तरी मॉडेल सहावारीकडे झुकते, किंवा निऱ्या आणि काष्टा यांची सरमिसळ करते.

डॅल-ई ३ च्या संशोधकांनी कॅप्शनवरच काम केले. त्यांनी आधी चित्राचे सविस्तर वर्णन लिहिणारे एक मॉडेल बनवले आणि त्याच्याकडून प्रशिक्षणाच्या चित्रांची कॅप्शने नव्याने लिहून घेतली. शेवटच्या मिश्रणात अशी यंत्राने लिहिलेली कॅप्शने ९५ टक्के आणि मूळ मजकूर ५ टक्के होता. त्यामुळे कोण कुठे आहे आणि कसा आहे, हे मॉडेल नीट पाळायला शिकले. पण लांब, तपशीलवार वर्णनांची सवय झालेल्या मॉडेलला दहा शब्दांचा प्रॉम्प्ट अपुरा पडतो, आणि वर सांगितलेले भाषा-मॉडेल मध्ये बसवण्याचे कारण नेमके हेच होते. एका ठिकाणी केलेली सुधारणा दुसऱ्या ठिकाणी दिसणाऱ्या फरकाचे कारण ठरते, ती अशी.

साठ्याबरोबर आवडनिवडही शिकवली जाते. स्टेबल डिफ्यूजन १.५ च्या शेवटच्या टप्प्यात, सौंदर्याचा गुण देणाऱ्या एका छोट्या मॉडेलने पाचाहून अधिक गुण दिलेली चित्रेच घेतली होती. त्या छोट्या मॉडेलला गुण द्यायला माणसांच्या पसंतीवरून शिकवले होते. मिडजर्नीमध्ये ही आवड उघडपणे हातात दिलेली आहे. `--stylize` हा आकडा शून्यापासून हजारापर्यंत असतो आणि काहीच लिहिले नाही तर १०० धरला जातो. म्हणजे न मागताही थोडी सजावट होतेच. `--stylize 0` किंवा `--style raw` लिहून तोच झेंडूचा प्रॉम्प्ट दिला, की प्रकाश साधा होतो आणि चित्र इतर जनरेटरच्या जवळ सरकते. असे सरकले, तर आधीच्या फरकातला मोठा वाटा प्रॉम्प्टच्या वाचनाचा नव्हता, सजावटीचा होता, हे समजते. मिडजर्नीत वैयक्तिक पसंतीची सोयही आहे. वापरणाऱ्याने पूर्वी कोणती चित्रे निवडली, त्यावरून त्याच्यासाठी वेगळा कल तयार होतो. ती चालू असेल, तर एकाच जनरेटरमध्ये दोन माणसांना एकाच प्रॉम्प्टची वेगळ्या धाटणीची चित्रे मिळतात.

आता सुरुवातीच्या मुंग्या. त्या कशा पसराव्यात हे सीड नावाच्या आकड्यावरून ठरते. सीड दिला नाही तर दर वेळी नवा घेतला जातो, म्हणून एकाच जनरेटरमध्येही तेच वाक्य दोनदा दिले की चित्रे दोन. पहिल्या काही पायऱ्यांतच चित्राची ढोबळ मांडणी ठरते: गडद भाग कुठे, माणूस डावीकडे की मधोमध. पुढच्या पायऱ्या त्यात तपशील भरतात. म्हणून सीड कायम ठेवून प्रॉम्प्टमधला एखादाच शब्द बदलला, तर मांडणी बरीचशी टिकते. स्टेबल डिफ्यूजन १.५ वरून घडवलेल्या निरनिराळ्या मॉडेलांतही एकच सीड दिल्यावर सारखी मांडणी दिसते, चेहरे आणि रंग तेवढे बदलतात.

मात्र सीडचा आकडा एका साधनातून दुसऱ्यात नेता येतो, हा समज फसवा आहे. ऑटोमॅटिक११११ आणि कम्फीयूआय ही दोन साधने एकच मॉडेल फाइल चालवू शकतात. पहिले साधन मूळ सेटिंगप्रमाणे मुंग्या ग्राफिक्स कार्डावर तयार करते, दुसरे मुख्य प्रोसेसरवर. दोन्हींची यादृच्छिक आकडे काढण्याची रीत निराळी, म्हणून सीड सारखा दिला तरी मुंग्या वेगळ्या पसरतात आणि चित्र पूर्ण वेगळे येते. ऑटोमॅटिक११११ च्या सेटिंगमध्ये मुंग्या प्रोसेसरवर काढण्याचा पर्याय निवडला, की हा फरक जातो. तरीही प्रॉम्प्टमध्ये कंसाने शब्दाला जास्त वजन दिले असेल, जसे `(marigolds:1.3)`, तर ते वजन ही दोन साधने वेगळ्या हिशेबाने लावतात आणि चित्रे पुन्हा फाकतात. चित्रांच्या आकाराचीही अट आहे. १.५ ही आवृत्ती ५१२ बाय ५१२ वर शिकलेली आणि एसडीएक्सएल १०२४ बाय १०२४ वर. दोन्हींच्या मुंग्यांची जाळीच वेगळ्या मापाची, म्हणून तिथे सीड जुळवण्याला अर्थ उरत नाही. १.५ ला उंच, अरुंद चित्र मागितले, तर एका म्हातारीच्या जागी एकावर एक दोन डोकी येतात. ओळखीच्या चौकोनाबाहेरची जागा ते मॉडेल पुन्हा माणसानेच भरते.

प्रॉम्प्ट किती घट्ट पाळायचा, हाही एक आकडा आहे. प्रत्येक पायरीवर मॉडेल दोन अंदाज बांधते, एक प्रॉम्प्ट धरून आणि एक रिकाम्या प्रॉम्प्टवर. दोन्हींतला फरक काढून तो काही पटींनी वाढवला जातो.

```
अंतिम = रिकामा + s × (प्रॉम्प्टसह − रिकामा)
```

यातला `s` म्हणजे सीएफजी स्केल. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो साधारण ७ किंवा ७.५ ठेवतात. दोन-तीनवर आणला तर चित्र मवाळ होते आणि झेंडू हरवू शकतो. पंधरा-वीसवर नेला तर भगवा रंग भडकतो, सावल्या काळ्या ठिक्कर पडतात, कडा जळाल्यासारख्या दिसतात. काही जनरेटर हा आकडा दाखवतच नाहीत. तो आत ठरवलेला असतो. रंग नेहमीच भडक येतात किंवा नेहमीच फिके येतात, अशी तक्रार असेल तर कारण अनेकदा इथे सापडते.

छत्रीचा खरा उपायही याच सूत्रात आहे. रिकाम्या प्रॉम्प्टच्या जागी नको असलेल्या गोष्टींचे नाव ठेवले, की प्रत्येक पायरीवर चित्र त्या गोष्टीपासून दूर ढकलले जाते. याला निगेटिव्ह प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे `no umbrella` लिहायचे नसते, नुसते `umbrella` लिहायचे. मिडजर्नीत हेच काम `--no umbrella` करते. डॅल-ई ३ मध्ये अशी वेगळी जागा नव्हती, त्यामुळे नकार मधल्या भाषा-मॉडेलच्या समजुतीवर सोडावा लागे. एकाच इच्छेसाठी तीन जनरेटरमध्ये तीन रीती आहेत, आणि एकीचे लिखाण दुसरीकडे नेले की छत्री परत येते.

शेवटचा टप्पा म्हणजे चित्र उलगडणे. स्टेबल डिफ्यूजन मुळात पूर्ण आकाराच्या चित्रावर काम करत नाही. ५१२ बाय ५१२ चे चित्र ६४ बाय ६४ च्या जाळीत मिटवलेले असते आणि जाळीच्या प्रत्येक घरात चार आकडे असतात. म्हणजे मूळ चित्राचे ८ बाय ८ बिंदू चार आकड्यांत मावतात. म्हातारी जवळ बसलेली असेल तर ठीक. ती रस्त्याच्या टोकाला असेल, तर तिचा चेहरा जाळीच्या तीन-चार घरांत येतो आणि उलगडताना डोळे विस्कटतात. स्टेबल डिफ्यूजन ३ आणि फ्लक्स यांत प्रत्येक घरात चारऐवजी सोळा आकडे असतात, म्हणून दूरचे चेहरे आणि लहान अक्षरे तिथे जास्त शाबूत राहतात. फक्त दूरचेच चेहरे बिघडत असतील, तर प्रॉम्प्ट बदलत बसण्यापेक्षा म्हातारीला चित्रात जवळ आणणे किंवा मोठ्या आकाराचे मॉडेल वापरणे हाच उपाय.

फरकाचे मूळ शोधायचे तर एका वेळी एकच गोष्ट हलवावी लागते. ऑटोमॅटिक११११ मध्ये बनवलेल्या चित्राच्या फाइलमध्ये सगळी माहिती साठवलेली असते आणि `PNG Info` या टॅबमध्ये ती वाचता येते. तिचा एक भाग असा दिसतो:

```
Steps: 30, Sampler: DPM++ 2M Karras, CFG scale: 7,
Seed: 1234, Size: 512x512
```

या यादीतले सारे सारखे असूनही चित्र वेगळे आले, तर मॉडेलची आवृत्ती किंवा मुंग्या काढण्याची रीत तपासावी. सॅम्पलर, म्हणजे मुंग्या पुसण्याची रीत, हीदेखील चित्र बदलते. `Euler a` सारखे सॅम्पलर प्रत्येक पायरीवर थोड्या नव्या मुंग्या टाकतात, म्हणून पायऱ्या ३० वरून ५० केल्या तरी चित्र स्थिरावत नाही, निराळेच होते. ऑनलाइन चालणाऱ्या सेवांत यांतले फारसे काही दिसत नाही आणि मॉडेल मागच्या मागे बदललेले असू शकते. अशा सेवेत चार महिन्यांपूर्वीचे चित्र हुबेहूब परत मिळवण्याची खात्री देता येत नाही.

निरनिराळ्या जनरेटरमधली चित्रे एकमेकांच्या जवळ आणायची, तर मोकळ्या जागा स्वतः भरून द्याव्या लागतात. झेंडूच्या प्रॉम्प्टचे असे रूप घेता येते:

```
photograph, elderly Maharashtrian woman in a green cotton saree,
sitting on the pavement of Dadar flower market, Mumbai,
cane baskets of orange marigolds in front of her,
hair wet from heavy monsoon rain, overcast morning, eye-level view
```

हे क्लिपच्या ७५ टोकनांत बसते. माध्यम पहिल्याच शब्दात आले आहे, त्यामुळे एकाने फोटो आणि दुसऱ्याने रंगचित्र देण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. छत्री नको, हा नकार काढून केस पावसाने भिजलेले आहेत असे होकारार्थी लिहिले आहे. भिजलेले केस दाखवायचे म्हटले की छत्रीची ओढ आपोआप कमी होते. ठिकाण, साडी आणि टोपल्या आल्याने मेक्सिकोची आणि घरामागच्या वाफ्याची वाट बंद होते. दादरचा नेमका बाजार, स्टेशनलगतची त्याची गर्दी आणि पूल मात्र बहुतेक जनरेटर दाखवू शकणार नाहीत. त्या नावाची पुरेशी चित्रे त्यांनी पाहिलेली नसतात आणि ते मुंबई व भारत या ओळखीच्या शब्दांच्या आधाराने एक सर्वसाधारण भारतीय बाजार उभा करतात. म्हातारीचा चेहरा दर वेळी नवा असेल, टोपल्या कुठे तीन तर कुठे सात येतील, आणि दुकानाच्या पाटीवर देवनागरी उमटलीच तर ती बहुधा वाचता येणार नाही.